फुगलेल्या पॉवर बँका, १६३ गिऱ्हाइकं आणि चार वेळा खोडलेला मेसेज

आमचं साताऱ्यात मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान आहे, दुकान म्हणजे दहा बाय अठराचा गाळा, मी, धाकटा भाऊ आणि गल्ल्यावर आप्पा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आम्ही विकलेला माल स्वतःहून परत मागवला आणि पैसे परत दिले. त्यानंतर दोन-तीन दुकानदारांनी विचारलं की नक्की कसं केलं, मेसेज काय टाकला, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. चुका पण लिहितोय कारण त्याच जास्त कामाच्या आहेत.

मार्चमध्ये मुंबईच्या एका होलसेलरकडून २०,००० एमएएचच्या २०० पॉवर बँका उचलल्या. आम्हाला जीएसटी धरून ८२६ ला पडल्या, आम्ही ११८० ला विकल्या, म्हणजे १००० अधिक १८ टक्के. प्रत्येक पीसवर आमचा सहा महिने वॉरंटीचा छोटा स्टिकर, त्याच्यावर पेनाने बिल नंबर. हा स्टिकर पुढे फार कामाला आला पण लावताना तसं काही डोक्यात नव्हतं, सवय म्हणून लावायचो. जुलैअखेर १६३ गेल्या, ३७ राहिल्या.

पहिली फुगलेली बँक जुलैत आली. बाई म्हणाल्या रात्रभर चार्जिंगला होती. आम्ही बदलून दिली आणि विसरलो. दुसरी आली तेव्हा भाऊ म्हणाला गाडीत उन्हात ठेवली असणार. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सहा झाल्या आणि प्रत्येक वेळी आमच्याकडे गिऱ्हाइकाचीच एक चूक तयार होती. आता आठवलं की लाज वाटते, पण दुकानात बसलेल्या माणसाचं डोकं असंच चालतं हो.

सहावी आल्यावर मी गोडाऊनमधल्या ३७ पेट्या फोडल्या. फुगलेली ओळखायची एक सोपी युक्ती आहे, पीस काचेच्या काउंटरवर आडवा ठेवायचा आणि बोटाने गिरकी द्यायची. सपाट असला की घासत जागेवर थांबतो. आतला सेल फुगला असेल तर पोटावर भोवऱ्यासारखा फिरतो. ३७ पैकी दोन फिरल्या. ह्या दोन कोणी वापरल्या नव्हत्या, चार्जिंगला लावल्या नव्हत्या, उन्हात ठेवल्या नव्हत्या, सील आम्हीच फोडलं होतं. म्हणजे गिऱ्हाइकाची चूक हा विषय तिथेच संपला.

मग भावाने लेबलवरचा आर नंबर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघितला. पॉवर बँकेला बीआयएसची नोंदणी सक्तीची असते आणि लेबलवर R- ने सुरू होणारा नंबर असतो, तो ॲपवर टाकला की कंपनीचं नाव आणि कुठल्या वस्तूसाठी नोंदणी आहे ते दिसतं. आमच्या पीसवरचा नंबर खरा होता पण तो होता ॲडॉप्टरचा, आणि कंपनी वेगळीच. बघायला दोन मिनिटं लागली. हीच दोन मिनिटं मार्चमध्ये खर्च केली असती तर पुढचं काही लिहायलाच लागलं नसतं.

आता घरात वाद. आप्पांचं म्हणणं साधं होतं, ज्याची फुगेल तो येईल, आला की देऊ, गावात दवंडी कशाला पिटायची, आणि ती पण गणपतीच्या तोंडावर. गणपती ७ सप्टेंबरला होते, सीझनचा माल भरायला पैसे लागणार होते आणि १६३ गुणिले ११८० म्हणजे १,९२,३४० रुपये, तेवढे गल्ल्यात नव्हतेच. मी म्हणलं आप्पा, ज्याची फुगेल तो येईल हे मोबाईलच्या कव्हरला चालतं, ही वस्तू लोक उशाशी घेऊन झोपतात. त्यावर ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले, म्हणजे अर्धं पटलं.

उरलेलं अर्धं वकिलाने पटवलं. एरवी सदोष वस्तूची मुख्य जबाबदारी बनवणाऱ्यावर असते, पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात काही ठिकाणी विकणाऱ्यावरही येते, आणि आम्ही त्यातल्या दोन ठिकाणी बसत होतो. एक म्हणजे विकणाऱ्याने स्वतःची वेगळी वॉरंटी दिली आणि माल त्याला उतरला नाही तर, आमचा तो स्टिकर! दुसरं म्हणजे बनवणारा कोण तेच सापडत नसेल तर. लेबलवर दुसऱ्याचाच नंबर म्हटल्यावर बनवणारा सापडणार कुठून. आणि बिलाखाली छापलेलं ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे सदोष मालाला लागू होत नाही, उलट असा माल परत घ्यायला नकार देणं हीच अनुचित प्रथा धरतात.

बदलून द्यायचं की पैसे द्यायचे हा पुढचा प्रश्न. होलसेलर म्हणाला दुसरी बॅच पाठवतो, बदलून द्या, विषय संपवा. मला सॅमसंगचा नोट ७ आठवला. २०१६ च्या सप्टेंबरला त्यांनी फोन परत मागवले, बदलून नवे दिले, आणि बदलून दिलेले पण पेटायला लागले, ऑक्टोबरमध्ये मॉडेलच बंद करायला लागलं. एवढ्या मोठ्या कंपनीला कारण नीट कळायच्या आत बदलून देणं महागात पडलं तर आम्हाला कारण कळायची शक्यताच नव्हती. सेल का फुगला हे आम्ही सांगू शकत नाही, आत गॅस झाला एवढंच माहिती, तो खराब सेलमुळे की चार्जिंग सर्किटमुळे हे लॅबशिवाय कळत नाही. कारण माहिती नाही तर बदली पण नाही, सरळ पैसे. जुलैत आम्ही जी बदलून दिली होती ती पण ह्याच बॅचची, हे लक्षात आल्यावर त्या बाईंना पहिला फोन केला.

आता मेसेज. भावाने केलेला पहिला मसुदा असा होता:

“प्रिय ग्राहक, काही मोजक्या पॉवर बँकांमध्ये किरकोळ तांत्रिक अडचण आढळली आहे. आपली सुरक्षितता हेच आमचे प्राधान्य. अडचण जाणवल्यास दुकानाशी संपर्क साधावा.”

ऐकायला छान आहे पण ह्यात तीन ठिकाणी लबाडी आहे. ‘मोजक्या’ कशावरून, आम्ही १६३ पैकी सहाच बघितल्यात. ‘किरकोळ’ तर नाहीच. आणि सगळ्यात वाईट ते ‘अडचण जाणवल्यास’, कारण वाचणारा पॉवर बँक हातात घेऊन बघतो, सपाट दिसते, चार्ज होते, म्हणतो आपली चांगली आहे, आणि परत उशाशी ठेवतो. म्हणजे मेसेज वाचूनच त्याचा धोका वाढला. शिवाय सुरक्षिततेच्या प्राधान्याचं वाक्य जिथे असतं तिथे लोक पुढचं वाचत नाहीत, मीही वाचत नाही.

चार वेळा खोडून शेवटी हा गेला, १२ ऑगस्टला:

“नमस्कार. तुम्ही एप्रिल ते जुलै दरम्यान आमच्या दुकानातून काळी २०,००० एमएएच पॉवर बँक ११८० रुपयांना घेतली आहे. मागच्या लेबलवर शेवटच्या ओळीत 0324 ने सुरू होणारा नंबर असेल तर ती आजपासून वापरू नका, चार्जिंगला लावू नका. फुगलेली नसली तरी.
ह्या बॅचच्या आठ बँका आतून फुगल्या, त्यातल्या दोन न वापरलेल्या होत्या. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. का फुगतायत ते आम्हाला कळलेलं नाही. लेबलवरचा बीआयएस नंबर दुसऱ्याच वस्तूचा निघाला, तो आम्ही विकण्याआधी तपासायला हवा होता, तपासला नाही.
पूर्ण ११८० रुपये परत मिळतील. बिल नको, बॉक्स नको, केबल तुमच्याकडेच ठेवा. दुकानात घेऊन या, सकाळी १० ते रात्री ८, पैसे तिथेच रोख किंवा यूपीआयने.
कुरिअरने पाठवू नका. कचऱ्यात टाकू नका. टोचू नका, उघडू नका. आणेपर्यंत फरशीवर, कपडे-कागदापासून लांब ठेवा. फुगलेली असेल तर आणू नका, फोन करा, आम्ही येतो.
पैसे द्यायला आम्ही ओटीपी, लिंक किंवा यूपीआय पिन कधीच मागणार नाही.”

खाली दुकानाचा नंबर, बिलावर असतो तोच.

ह्यात दोन गोष्टींवर सगळ्यात जास्त भांडण झालं. एक ‘तपासला नाही’. आप्पा म्हणाले हे लिहिलं की उद्या लोक बाकीच्या मालावर पण शंका घेतील. बरोबर होतं त्यांचं, घेतली. पंधरा-वीस जण आपले चार्जर घेऊन आले की ह्याचा नंबर बघा, आणि आम्ही काउंटरवर त्यांच्यासमोर ॲपवर टाकून दाखवले. दुसरं भांडण होलसेलरचं नाव टाकायचं की नाही ह्यावर. भाऊ भडकलेला, नाव टाकूच म्हणत होता. नाही टाकलं. दोष त्याच्याकडे झाला की त्याला कोणी विकला त्याच्याकडे, हे आम्हाला माहिती नव्हतं, आणि गिऱ्हाइकाला त्याचा उपयोग पण काही नाही, त्याने पैसे आमच्या हातात दिलेत.

कुरिअरचं वाक्य का, ते सांगतो, कारण बरेच दुकानदार सवयीने ‘पाठवून द्या’ लिहितात. खराब किंवा फुगलेली लिथियम बॅटरी विमानाने नेता येत नाही, मनाई आहे, आणि कुरिअरवाला पार्सल विमानात टाकेल की ट्रकमध्ये ते तुमच्या हातात नाही. सॅमसंगने नोट ७ परत घेताना आगरोधक पेट्या पाठवल्या होत्या आणि ते पण रस्त्यानेच. आपल्याकडे ती सोय नाही. मग पुण्या-मुंबईला गेलेली आमची अकरा गिऱ्हाइकं होती त्यांचं काय? त्यांना सांगितलं, मार्करने पॉवर बँकेवर मोठ्या अक्षरात ‘बाद’ आणि तारीख लिहा, लेबल आणि आमचा स्टिकर दिसेल असा फोटो पाठवा, पैसे लगेच, आणि वस्तू तुमच्या भागातल्या बॅटरी किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. ह्यात फसवणूक होऊ शकते का, होऊ शकते. अकरा जणांत कमाल नुकसान १२,९८० रुपये, तेवढा विश्वास परवडतो.

आणि आता आमची मोठी चूक. १६३ पैकी ११२ जणांचे मोबाईल नंबर बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये होते. भावाने व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट केली, मेसेज टाकला, आणि आम्ही हुश्श म्हणून चहा प्यायलो. दुसऱ्या दिवशी बघतो तर डिलिव्हरी फक्त ३४ जणांना! ब्रॉडकास्ट त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय, आणि पॉवर बँकवाल्या दुकानाचा नंबर कोण सेव्ह करतं. उरलेले ७८ एकेक करून पाठवायला लागले, ते पण दिवसाला पंचवीस-तीसच, एकदम अनोळखी नंबरांना तोच मेसेज गेला की खातं ब्लॉक व्हायची भीती. एसएमएस एकदम पाठवायचे तर आधी टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी पोर्टलवर नोंदणी लागते, ती आमची नव्हती. शेवटी फोनच. खरं तर पहिल्या दिवसापासून फोनच करायला हवे होते.

फोनवर वेगळीच गंमत. “तुम्हाला ११८० रुपये परत द्यायचेत” असं म्हणलं की समोरचा फोन ठेवून देतो. बरोबरच आहे, असे फोन कोण करतं ते सगळ्यांना माहिती आहे. एक काका तर म्हणाले, “अहो, पैसे परत देणारा दुकानदार असतो का कुठं, दुसरा कोणी गाठा.” मग भावाने सुरुवातच बदलली. आधी पैशाचं नावच काढायचं नाही, “काका, ती काळी पॉवर बँक घरात कुठे ठेवलीय, आधी चार्जिंगवरून काढा, आणि माझ्यावर विश्वास नसेल तर बिलावरच्या नंबरवर तुम्हीच फोन लावा.” हे चाललं. पैसे शेवटी, सुरक्षा आधी, बोलताना पण आणि मेसेजमध्ये पण.

५१ जणांचा नंबरच नव्हता. त्यातल्या ३३ जणांनी यूपीआयने पैसे दिले होते, नऊ जणांचा यूपीआय आयडी म्हणजे त्यांचा मोबाईल नंबरच होता, त्यांना गाठलं, तेवढ्या कामापुरतं. बाकीच्यांसाठी शटरवर मोठा फ्लेक्स, त्यावर पॉवर बँकेचा फोटो आणि 0324 हा नंबर, गावातल्या रिपेअरवाल्यांकडे एकेक कागद, आणि इन्स्टावर तोच मजकूर जसाच्या तसा. रिपेअरवाले सगळ्यात जास्त कामाला आले, फुगलेली बँक लोक आधी त्यांच्याकडेच नेतात.

काउंटरवर नियम एकच ठेवलेला, लेबलवर 0324 आणि आमचा स्टिकर असला की पैसे, प्रश्न नाही. स्टिकरवरचा बिल नंबर वहीत लिहायचा, सही घ्यायची. शाई उडालेली असेल तरी स्टिकर आमचा हे ओळखू येतं. सात जण तीच बॅच घेऊन आले पण स्टिकर नव्हता, म्हणजे दुसऱ्या दुकानातनं घेतलेली. त्यांना पैसे नाही दिले, पण पीस ठेवून घेतला आणि त्या दुकानाने दिले पाहिजेत हे कागदावर लिहून दिलं, नाही दिले तर १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाईनचा नंबर. दोन दुकानदार त्यावरून अजून आमच्याशी बोलत नाहीत.

एक गोष्ट आमच्या डोक्यातच आली नव्हती, गोळा झालेला माल ठेवायचा कुठं? एका पॉवर बँकेत साधारण ७४ वॉट-तास साठवण असते, अशा शंभर-सव्वाशे एका गाळ्यात, वर आप्पा दुपारचे झोपतात. घरच्या मागच्या अंगणात जुन्या लोखंडी ट्रंका काढल्या, तळाला कोरडी वाळू, त्यावर पीस, परत वाळू, यूएसबीच्या तोंडांना चिकटपट्टी. पत्र्याच्या शेडखाली पण भिंतीपासून लांब. शेवटी नोंदणी असलेल्या रिसायकलरची गाडी आली, त्याने पावती दिली, गाडीभाडं आमचंच.

होलसेलर म्हणाला होता की न विकलेल्या ३७ पाठवा, ३०,५६२ रुपये ॲडजस्ट करतो. नाही पाठवल्या. पाठवल्या असत्या तर त्या वाळूत नाही, दुसऱ्या कुठल्यातरी दुकानात गेल्या असत्या. ह्यावर घरात दोन दिवस अबोला होता. त्याला वकिलाची नोटीस गेली आहे, पण आम्ही विकण्यासाठी घेतलेला माल म्हणून ग्राहक आयोगात आम्हाला जाता येत नाही, दिवाणीचाच रस्ता.

हिशोबाचं थोडक्यात. पैसे परत देताना पूर्ण ११८० द्यायचे, जीएसटी कापून १००० नाही. भरलेला १८० कर क्रेडिट नोट काढून कमी करता येतो, आर्थिक वर्ष संपल्यावर पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, आणि प्रत्येक बिलाला वेगळी नोट लागत नाही, त्या वर्षातल्या बिलांची मिळून चालते. पण माल नष्ट केला म्हणून खरेदीवर भरलेल्या कराचं पीसमागे १२६ चं इनपुट क्रेडिट उलटवायला, म्हणजे परत भरायला लागतं, हे सीएने सांगितलं नसतं तर आम्ही विसरलोच असतो. तीन गिऱ्हाइकं जीएसटी नंबरवाली होती, त्यांना वेगळ्या क्रेडिट नोटा दिल्या कारण त्यांनाही आपलं क्रेडिट उलटवायचं असतं.

ऑक्टोबरअखेर १३४ परत आल्या, १,५८,१२० रुपये गेले. पहिल्या आठवड्यातच ६० आल्या त्यामुळे गणपतीचा माल कमी भरला, लायटिंगच्या माळा निम्म्याच घेतल्या. परत आलेल्या १३४ पैकी फिरवून बघितल्यावर १९ फुगलेल्या निघाल्या आणि त्यातल्या अकरा जणांना आपली फुगलीय हे माहितीच नव्हतं, कव्हरात होत्या.

२९ अजून बाहेर आहेत. फ्लेक्स उन्हाने फिका झाला म्हणून जानेवारीत नवा लावला. फेब्रुवारीत एक मुलगा आला, कॉलेजचा, रुमालात गुंडाळून आणलेली, कव्हर दोन्ही बाजूंनी उकललेलं, आतला चंदेरी सेल उशीसारखा वर आलेला. म्हणाला चार महिने दप्तरात होती, आत्ता फ्लेक्स वाचला. भावाने वाळूची बादली पुढे सरकवली, आप्पांनी न बोलता गल्ल्यातून ११८० काढून दिले. आता २८.